सहदेव परबांचे एकतीस खिसे

सहदेव परब दप्तरी होता. दप्तरी म्हणजे कचेरीतल्या फायली शिवणारा, त्यांना फितीने बांधणारा, फडताळात लावणारा आणि साहेबाने हाक मारली की चुटकीसरशी काढून देणारा माणूस. अंधेरीतल्या त्या सरकारी कचेरीत तो एकोणीसशे एकोणपन्नासपासून हेच करीत होता आणि झकास करीत होता. नुकतं मिसरूड फुटलेला साहेबसुद्धा त्याला “ए परब” म्हणे, आणि परब स्टुलावरून उठे. कचेरीत कारकुनाला खुर्ची होती, दप्तऱ्याला स्टूल. गोष्ट एवढ्या एका फरकाची आहे. पण आठ वर्षं स्टुलावर बसून बघा, म्हणजे फरक केवढा ते कळेल.

सत्तावन्न सालच्या सप्टेंबरात, एका शनिवारी, फलकावर नोटीस लागली. कारकुनाच्या बारा जागांसाठी खात्यातल्या मॅट्रिक झालेल्या शिपाई-दप्तऱ्यांची स्पर्धा परीक्षा, रविवार, पंधरा डिसेंबर. वयाची अट पस्तीस. सहदेवला जानेवारीत पस्तिसावं संपत होतं. याआधी दोनदा तो बसला होता आणि दोन्ही वेळा इंग्रजी व्याकरणाने त्याला आडवा पाडला होता. पासाला पंचेचाळीस गुण लागत. पहिल्यांदा एकतीस पडले, दुसऱ्यांदा छत्तीस. रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या माणसाचं गणित पक्कं होतं, मराठी तर घरचंच. इंग्रजीपाशी मात्र गाडी रुतायची. या खेपेला रुतली तर पुढची खेप नव्हती. नोटीस वाचून तो स्टुलावर येऊन दिवस मोजू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टेशनच्या पलीकडे श्यामकांत मास्तरांकडे गेला. मास्तर तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, स्वभावाने फटकळ. शिकवण्या ते घेत नसत. “रोज शिकवायला मला वेळ नाही,” ते म्हणाले. “अभ्यास तुझा तू करायचा. रविवारी ये, मी परीक्षा घेईन. आजपासून किती दिवस?”

“एक्क्याण्णव, मास्तर.”

“मोजून आलास, बरं केलंस. तेरा आठवडे. मागच्या वेळी काय केलं होतंस?”

सहदेवने खरं ते सांगितलं. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, व्याख्या पाठ केल्या होत्या. दोनदा.

“पालथ्या घड्यावर पाणी,” मास्तर म्हणाले. “क्रियापदाची व्याख्या कोण विचारतो? वाक्य बरोबर करून दे म्हणतात.” आणि त्यांनी जुन्या पंचांगाच्या पाठीवर आखणी करून दिली. पहिले पाच आठवडे पाया: काळ, कर्ता-क्रियापदाचा मेळ, आर्टिकलं, प्रिपोझिशनं. पुढचे पाच आठवडे प्रयोग बदलणं, दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं, चुका दुरुस्त करणं, वाक्यं जोडणं. शेवटचे तीन आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. सकाळी दीड तास: वीस मिनिटं नियम, मग त्या नियमाची स्वतःची दहा वाक्यं, मग पुस्तकातली वीस, मग उत्तरं ताडून पाहायची. “आणि जी चुकतील ती सोडून पुढे पळायचं नाही. चूक परत परत समोर आली पाहिजे. आज, परवा, आठवड्याने, पंधरवड्याने.”

हे शेवटचं ऐकून सहदेवचे डोळे लकाकले. चूक परत समोर आणणं हे त्याचं रोजचंच काम होतं. कचेरीत एखाद्या प्रकरणाचं उत्तर आलं नाही की साहेब त्यावर तारीख घाली, “अमुक तारखेस पुन्हा सादर”, आणि त्या सकाळी ती फाईल बिनचूक टेबलावर ठेवायची ती दप्तऱ्याने. सहदेवच्या हातून आठ वर्षांत एक तारीख हुकली नव्हती.

घरी येऊन त्याने जाड कापडाचे एकतीस खिसे कापले आणि दाभणाने एका चादरीवर ओळीने शिवले. खिशांवर मराठी आकडे घातले, एक ते एकतीस, आणि ती चादर भिंतीवर टांगली. चुकलेलं प्रत्येक वाक्य एका चिठ्ठीवर, मागे बरोबर वाक्य आणि ते का बरोबर ते मराठीत, कोपऱ्यात पुढची तारीख. चिठ्ठी त्या तारखेच्या खिशात. तारखेला निघाली आणि बरोबर आली तर मागे एक खूण करून पुढच्या खेपेची तारीख. चुकली तर खुणा खोडून पहिल्यापासून. परवा, आठवड्याने आणि पंधरवड्याने, या तिन्ही खेपांना बरोबर आली तरच ती निकाली काढून शिवून ठेवायची.

रोज सकाळी साडेपाचला खिसा रिकामा करून द्यायचं काम त्याच्या बायकोचं, रुक्मिणीचं. ती मालवणकडची. शाळा दोन इयत्ता, त्यामुळे मराठी आकडे यायचे, इंग्रजी अक्षर एक नाही. चहाबरोबर ती चिठ्ठ्या पुढे ठेवी आणि विचारी, “आज कितकी?” तो चिठ्ठ्या संपवून चुकलेल्यांचा आकडा सांगी. तेवढ्यावर तिला घरातलं हवामान कळे.

पहिला महिना जड गेला. “मी एकोणपन्नास सालापासून इथे काम करतो,” हे मराठीत बिनचूक वाक्य. सहदेवने ते तसंच्या तसं इंग्रजीत नेलं: आय ॲम वर्किंग हिअर सिन्स. चूक! आय हॅव बीन वर्किंग हवं, कारण काम तेव्हा सुरू झालं आणि अजून चालूच आहे. ती चिठ्ठी पाच वेळा परत आली. आर्टिकलांनी तर जीव नकोसा केला. मराठीत ज्यांच्यावाचून पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदल्या, ते ए, ॲन आणि द कुठे लावायचे? अवरच्या आधी ॲन, युनिव्हर्सिटीच्या आधी ए, कारण अक्षर नव्हे, उच्चार पाहायचा. दिवाळीत शेजारी करंज्या तळत होते आणि हा भिंतीकडे तोंड करून “ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन” म्हणत होता. चाळीतली मंडळी हसत. हसू देत.

ऑक्टोबर संपता संपता खिसे फुगले. आधी दिवसाला सात-आठ चिठ्ठ्या निघत, आता वीस-बावीस निघू लागल्या. एकतीस तारखेला त्याने मोजल्या: एकशे त्रेसष्ट.

आता त्या दिवशी कचेरीत काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दर महिन्याच्या अखेरीस वरिष्ठांकडे एक तक्ता जाई: किती प्रकरणं आली, किती निकाली, किती शिल्लक. शिल्लक जास्त दिसली तर बोलणी बसत. म्हणून हेडक्लार्क राजाध्यक्ष अखेरच्या दिवशी दुपारी हाक मारीत, “ए परब, गठ्ठा घे.” जी प्रकरणं अर्धीमुर्धी झाली होती ती सहदेव गोळा करी, एकावर एक रची, वर पुठ्ठा ठेवी आणि दाभणाने शिवून टाकी. पुठ्ठ्यावर लिही: निकाली. तक्त्यात शिल्लक सहा. एक तारखेला सकाळी तोच गठ्ठा उसवायचा, की कामं पुन्हा सुरू. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे खोटं आहे असं त्या कचेरीत कुणालाच वाटत नसे, सहदेवलाही नाही. महिनाअखेर अशीच असते, एवढंच त्याला माहीत होतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि फुगलेल्या खिशांसमोर उभा राहिला. एकशे त्रेसष्ट शिल्लक. पंचेचाळीस दिवस राहिलेले. त्याने खिसे रिकामे केले. ज्या चिठ्ठ्या एकदा तरी बरोबर आल्या होत्या त्या वेगळ्या काढल्या. एकशे चव्वेचाळीस भरल्या. हाताला सवयच होती. त्याने त्या रचल्या, पुठ्ठा ठेवला, दाभण घेतलं आणि शिवून टाकल्या. एकोणीस उरल्या. भिंत हलकी झाली. किती दिवसांनी तो पोटभर जेवला.

रुक्मिणीने गठ्ठा पाहिला. मग ताट उचलून ती मोरीकडे गेली.

नोव्हेंबर बरा चालला होता. खिशातून तीन-चार चिठ्ठ्या निघत, तो पुढचे धडे मारत सुटला. सतरा तारखेच्या रविवारी मास्तरांनी सगळ्या धड्यांवरची पन्नास वाक्यं काढली. तासाभरात सहदेवने पेपर दिला, आणि मनात तो खूष होता. पंचेचाळीसच्या वर, बहुतेक.

मास्तरांनी तपासला. लाल पेन्सिल खाली ठेवली.

“एकवीस.”

सहदेवला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“पन्नासातली एकवीस बरोबर. शंभरात बेचाळीस. पुन्हा नापास,” मास्तर म्हणाले. “आणि चुकलंस कुठे? नव्या धड्यांत नाही. ऑक्टोबरातल्यांत. सीनियर दॅन लिहिलंस, सीनियर टू हवं, हे मी तुला दसऱ्याला सांगितलं. चिठ्ठ्या कुठायत?”

सहदेव घरी जाऊन गठ्ठा घेऊन आला. रस्ताभर त्याला कळत होतं की आपण काय घेऊन चाललो आहोत. मास्तरांनी पुठ्ठ्यावरचं “निकाली” वाचलं, कात्री मागवली, टाके कापले आणि मधूनमधून तीस चिठ्ठ्या ओढल्या. एकेक विचारली. तिसातल्या सतरा चुकल्या.

मास्तरांनी पुठ्ठा त्याच्यासमोर धरला.

“हे तुला कुणी शिकवलं?”

सहदेवने खाली मान घालून महिनाअखेरीचा रिवाज सांगितला.

“अरे, तिथे वरचा साहेब फसतो म्हणून शिवता,” मास्तरांचा आवाज चढला होता. “इथे कोण साहेब आहे? वरिष्ठही तू, हेडक्लार्कही तू आणि दप्तरीही तूच! कुणाला तक्ता पाठवलास?”

सहदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, पण आलं. “मास्तर, आता काही व्हायचं नाही. अठ्ठावीस दिवसच राहिले.”

“अठ्ठावीस दिवसांत पंधरवड्याची एक खेप बसते. नाक पूस.” मास्तरांनी नवा कागद घेतला. नवीन धडे बंद. वाक्यं जोडण्याचा धडा राहिला होता, तो दहा गुणांचा, तो सोडायचा. “दहावर पाणी सोड, नव्वद पक्के कर. रोज तीस चिठ्ठ्या. सहा दिवसांत सगळ्या एकदा होतील. मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. चुकली की पहिल्यापासून. रविवारी जुना पेपर.” जाता जाता ते म्हणाले, “आणि शिवायचं दुसऱ्या कुणाच्या तरी हाती दे. तुझ्या हाताला खोड आहे.”

घरी त्याने सगळं रुक्मिणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

“तुमी गठ्ठो शिवलात तेवाच माका बरा वाटला नाय,” ती म्हणाली. “पण म्हटला, शिकलेल्या मानसाक मी काय सांगू?”

“सांगायचं होतंस गं.”

“आता सांगतंय. तां दाभण माझ्याकडे देवा.” तिने हात पुढे केला. “माका इंग्रजी येत नाय, पण तीन मोजूक येतत. चिठ्ठीच्या पाटी तीन खुणो दिसल्याबिगर मी ती शिवूक देवचंय नाय.”

त्याने दाभण दिलं. तिने ते डाळीच्या डब्यामागे ठेवलं आणि त्या दिवसापासून ते तिचं झालं.

पुढचे चार आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी तीस, कचेरी सुटल्यावर दप्तरखोलीत अर्धा तास, रविवारी मास्तर. एका रविवारी एक्कावन्न गुण पडले, तेव्हा त्याला हायसं वाटलं. पुढच्या रविवारी चव्वेचाळीस. एका गुणाने नापास! त्या दिवशी तो घरी न जाता स्टेशनवर बाकावर बसून राहिला. घरी आल्यावर रुक्मिणीने फक्त विचारलं, “कितकी चुकली?” आणि नव्या चिठ्ठ्या करायला कागद पुढे ठेवले.

डिसेंबरच्या पाच तारखेला दोघांचं भांडण झालं. एका चिठ्ठीवर त्याने वन ऑफ द क्लार्क्स वेअर ॲबसेंट लिहिलं. मागे बघितलं, वॉज हवं. कर्ता एक जण, बाकीचे क्लार्क नव्हेत. “हे मला येत होतं!” तो म्हणाला. “घाईत गेलं. तिसरी खूण कर, हिला शिव.”

“बरोबर इला?”

“येत होतं म्हटलं ना!”

“मी इचारतंय, बरोबर इला?”

“नाही.”

तिने चिठ्ठीवरच्या दोन्ही खुणा खोडल्या आणि परवाच्या खिशात टाकली. तो संतापला. माझी परीक्षा आहे, तुला काय कळतंय त्यातलं, असं नको ते बोलला आणि चहा न पिता निघून गेला. ती दारात उभी राहिली, पण दाभण काही बाहेर आलं नाही. सात तारखेला तीच चिठ्ठी निघाली. त्याने वॉज लिहिलं, तिच्यासमोर धरलं आणि मान खाली घालून म्हणाला, “चुकलंच माझं.” चिठ्ठीचं म्हणाला की भांडणाचं, ते तिने विचारलं नाही.

चौदा तारखेला संध्याकाळी तिने शिवलेल्या मोजल्या. एकशे अठरा. खिशांत त्रेसष्ट होत्या. सहदेवचा चेहरा उतरला. सगळ्या शून्य व्हाव्यात अशी त्याची फार इच्छा होती. “जां आसा तां आसा,” रुक्मिणी म्हणाली. “खरे तरी आसत.”

परीक्षा सांताक्रूझच्या एका शाळेत होती. मुलांचे बाक, गुडघे अडकत होते. पेपर हातात आला आणि पहिलंच पान वाक्यजोडणीचं निघालं. सोडलेले दहा गुण! दहा मिनिटं तो त्याच पानावर अडकून पडला. आपण हे सोडलं होतं, हे मान्य करायला मन तयार होईना. शेजारचा खरडत सुटला होता. मग सहदेवने पान उलटलं. चुका दुरुस्त करा. तिसऱ्या ओळीत सीनियर दॅन बसलं होतं. पाचव्यात एक माणूस वर्षानुवर्षं सिन्स लावून ॲम वर्किंग करीत होता. ओळखीची माणसं भेटल्यासारखं त्याला झालं. घंटेला पाच मिनिटं असताना तो पहिल्या पानाकडे वळला, जमली तेवढी चार वाक्यं जोडली आणि घंटा झाली.

घराच्या दारात रुक्मिणी उभी होती. “कितकी रवली?”

बरं सांगावं असं त्याला फार वाटलं. तो पायरीवर बसला, बोटं मोजली आणि खरं सांगितलं. “सहा जोडायची राहिली. बाकीच्यांत बारा चुकली असतील. तीन-चारांची खात्री नाही.”

फेब्रुवारीत यादी लागली. इंग्रजीत अठ्ठावन्न. बारा जागांत त्याचा नंबर नववा होता. मास्तरांना पेढे नेले तर ते म्हणाले, “नव्वदांतले अठ्ठावन्न. बरे आहेत,” आणि दोन पेढे घेतले.

मार्चच्या एक तारखेला सहदेव परब खुर्चीवर बसला. सहा महिने उमेदवारी, मग कायम. खुर्चीचे लाकडी हात तो अधूनमधून चाचपून बघे. काम मात्र सोपं नव्हतं. आधीच्या कारकुनाने मागे बरंच ठेवलं होतं.

एकतीस मार्चला दुपारी राजाध्यक्ष त्याच्या टेबलाशी आले. आता ते त्याला “परब” म्हणत, “ए” गळला होता. “परब, तक्ता. तुमची शिल्लक पाच दाखवा. बाकीचा गठ्ठा नव्या दप्तऱ्याकडे द्या.”

सहदेवची शिल्लक बावन्न होती. नवा दप्तरी दाभण ओवून उभाच होता.

सहदेवने टाक उचलला. पाच महिन्यांनी राजाध्यक्षच त्याच्या कायम होण्याचा शेरा लिहिणार होते. खुर्ची अजून पुरती त्याची झालीच नव्हती. त्याने तक्त्यात आकडा घातला आणि कागद पुढे केला.

राजाध्यक्षांनी वाचला. “बावन्न? डोकं ठिकाणावर आहे का? वर काय सांगू?”

“खरे आहेत, साहेब. एप्रिलात कमी करतो. दर प्रकरणाला तारीख घातलीय.”

“खुर्ची मिळून महिना नाही झाला आणि मला शिकवता?” राजाध्यक्ष कागद घेऊन गेले. तो शेरा पुढे त्यांनी लिहिला तो काही चांगला लिहिला नाही. परब कायम झाला तो इतरांच्या मागून वर्षभराने. पण ते नंतर.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो दमून. भिंतीवर चादर अजून होती, खिसे मात्र रिकामे झाले होते. रुक्मिणीने पाण्याचा तांब्या पुढे केला. महिनाअखेरीला कचेरीत काय असतं, ते तिला आता माहीत होतं.

“कितकी रवली?”

“बावन्न.”

“खरे?”

“खरे.”

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग डाळीच्या डब्यामागे हात घालून तिने दाभण जागेवर आहे ना ते चाचपलं.

“मगे ह्यां माझ्याकडेच रवांदे,” ती म्हणाली, आणि त्याला जेवायला वाढलं.